शेवग्याची शेंग, कोंबडीची तंगडी

शेवग्याच्या शेंगांची आमटी चिनी पाहुण्याला मेन्यूकार्डावर कशी सांगायची? बहुतेक ठिकाणी सोपा रस्ता धरला जातो. कार्डावर 'ड्रमस्टिक करी' असं इंग्रजी नाव आधीच छापलेलं असतं. त्या इंग्रजी शब्दाला चिनी प्रतिशब्द शोधला की 'ची थुइ' हाती लागतो आणि तोच छापून मोकळं होतात. 'ची थुइ' म्हणजे कोंबडीची तंगडी. इंग्रजीत 'ड्रमस्टिक' हा शब्द ढोलाच्या काठीला, शेवग्याच्या शेंगेला आणि तंगडीलाही चालतो. चिनीत हे तीन वेगळे शब्द आहेत. परिणाम असा, की शाकाहारी पाहुणा ती आमटी टाळतो आणि मांसाहारी पाहुणा ती मागवून वाटीत तंगडी शोधत बसतो.

भेंडीचंही तसंच. तिचं 'लेडीज फिंगर' हे इंग्रजी नाव शब्दशः चिनीत नेलं तर ताटात बाईची बोटं येतात. चिनी लोक भेंडी खातात आणि तिला 'छ्यू ख्वेइ' म्हणतात. बेसनाच्या 'ग्रॅम फ्लोअर' या नावातला 'ग्रॅम' वजनाचा समजला गेला, तर पिठल्याच्या नावात विनाकारण वजनमाप घुसतं. या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे. पदार्थ मराठी, वाचणारा चिनी आणि मधला दुभाषा इंग्रजी नाव. ते नाव मूळ पदार्थाबद्दल फारसं काही सांगतच नाही. म्हणून भाषांतराला बसताना जुनं इंग्रजी कार्ड बाजूला ठेवायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक पदार्थात काय पडतं ते आचाऱ्याकडून लिहून घ्यायचं. भाषांतर नावाचं नव्हे, ताटाचं करायचं असतं.

महाराष्ट्रात हे काम करण्याजोगं शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांमुळे तैवान, सिंगापूर, मलेशिया आणि चीनमधल्या बौद्ध यात्रेकरूंना या भागाची ओढ आहे. सातव्या शतकात श्युआनचांग महाराष्ट्रात येऊन गेला आणि त्याने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन लिहून ठेवलं. ते अजिंठ्याचंच असावं असं अभ्यासक मानतात. चिनी नागरिकांसाठी काही वर्षं बंद असलेला भारताचा पर्यटक व्हिसा जुलै 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. अशा शहरातल्या एखाद्या साध्या थाळी-हॉटेलाचं कार्ड चिनीत करायचं ठरलं तर काय काय करावं लागेल, ते या प्रकरणात पाहू. चिनी शब्दांचे उच्चार इथे देवनागरीत जवळपास दिले आहेत. कार्डावर अर्थातच चिनी लिपी येईल.

नाव कसं बांधायचं

हीच अडचण उलट दिशेने चीनलाही आली होती. 2008 च्या ऑलिम्पिकसाठी जगभरातून पाहुणे येणार म्हणून बीजिंगच्या नगर प्रशासनाने चिनी पदार्थांच्या इंग्रजी नावांची एक यादीच तयार करवून घेतली. त्याआधी हॉटेलांच्या कार्डांवर 'नवरा-बायकोच्या फुफ्फुसाचे काप' अशी शब्दशः भाषांतरं सर्रास दिसत. तो सछ्वानमधला प्रसिद्ध पदार्थ आहे, 'फू छी फेइ फ्येन'. एका जोडप्याने तो विकायला सुरुवात केली म्हणून नावात नवरा-बायको. प्रत्यक्षात ताटात असतात गोमांसाचे आणि वजडीचे पातळ काप, मिरचीच्या तेलात घोळवलेले. नव्या यादीत पदार्थाचं इंग्रजी नाव ताटात असतं त्याप्रमाणेच दिलं गेलं. तिची रीत साधी होती. मुख्य जिन्नस सांगा, तो कसा शिजवला ते सांगा, कशाबरोबर किंवा कोणत्या रश्शात येतो ते सांगा. ज्या पदार्थाचं मूळ नाव जगात रुळलेलं आहे, ते फक्त उच्चाराने लिहा.

मराठी कार्डालाही हीच रीत उपयोगी पडते, कारण चिनी माणूस स्वतःच्या भाषेतली कार्डं अशीच वाचतो. 'होंग शाओ' म्हटलं की सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेलं, 'छिंग चंग' म्हटलं की नुसतं वाफवलेलं, हे त्याला नावातच कळतं. उलट 'मिसळ' हा शब्द उच्चाराने लिहिला तर ती नुसती अक्षरांची रांग होते आणि तिच्यातून पोटात काय जाणार ते कळत नाही.

मिसळीसाठी पहिला सुचणारा शब्द म्हणजे 'तोउ या', मोड आलेलं कडधान्य. पण चिनी माणसाच्या डोळ्यांपुढे 'तोउ या' म्हणताच बोटभर लांब, पांढरे, पाणीदार मोड येतात, जे नूडल्सबरोबर परततात. मटकीचे मोड इवलेसे असतात आणि दाणा अख्खा राहतो. म्हणून 'फा या तोउ', म्हणजे मोड आलेले दाणे, असं लिहिणं बरं. पुढे 'फेइ म्येन पाओ' जोडलं की 'पावाबरोबर' हेही आलं. पूर्ण नाव झालं 'श्यांग ला फा या तोउ फेइ म्येन पाओ', म्हणजे खमंग तिखट मोडाचे दाणे, पावासह. खाली बारीक अक्षरांत 'वरून कुरकुरीत फरसाण आणि कच्चा कांदा' अशी एक ओळ द्यावी.

ज्वारीची भाकरी मात्र चिनी माणसाला घरची वाटते. ज्वारी म्हणजे 'काओ ल्यांग'. उत्तर चीनमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या पिकते आणि तिची दारूही गाळतात. 'काओ ल्यांग पिंग', ज्वारीची रोटी, एवढं पुरतं. बाजरीच्या भाकरीशी मात्र जपून. घाईत तिला 'श्याओ मी' म्हटलं जातं आणि ते धान्य म्हणजे आपलं राळं.

नान खलिया हा या शहराचा खास पदार्थ. त्यातल्या 'नान'चं काम तर चीननेच सोपं करून ठेवलं आहे. शिनच्यांग प्रांतात तंदूरसारख्या भट्टीतल्या रोटीला 'नांग' म्हणतात आणि तो शब्द देशभर माहीत आहे. मटणासाठी 'यांग रोउ' लिहायचं. त्या शब्दात शेळी-बोकड आणि मेंढी दोन्ही येतात. प्राण्याचं नाव गाळून नुसतं 'रोउ', म्हणजे मांस, लिहिलं तर चिनी कार्डावर त्याचा अर्थ डुकराचं मांस असा घेतला जातो. चीनमधल्या मुस्लिम पाहुण्याला तो एक शब्द परत पाठवायला पुरेसा आहे.

'करी' या शब्दाचाही मोह टाळावा. चिनीत त्याला 'का ली' म्हणतात आणि तो सगळ्यांना समजतो, पण तो ऐकून डोळ्यांपुढे येतो तो पिवळा, दाटसर, बराचसा गोडूस रस्सा. कार्डावर आमटी, रस्सा, कालवण, उसळ सगळंच 'का ली' झालं, तर वीस ओळी वाचूनही पाहुण्याला एकाच पदार्थाची वीस नावं वाचल्यासारखं वाटतं. नान खलियासारख्या एखाद-दुसऱ्या पदार्थाला तो शब्द द्यावा. बाकीच्यांना 'शेंगदाण्याच्या वाटणातली वांगी', 'खोबऱ्याच्या रश्शातलं मटण' अशी सरळ ओळख द्यावी.

एकच शब्द, दोन पदार्थ

चिनी लिपी दोन रूपांत छापली जाते. चीन, सिंगापूर आणि मलेशियात सोपी केलेली रूपं चालतात, तर तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी, भरगच्च रूपं. तैवानचे यात्रेकरू जास्त येत असतील तर जुन्या रूपात वेगळं कार्ड करणं योग्य. पण नुसती अक्षरं बदलून भागत नाही, कारण रोजच्या वापरातले काही शब्दच दोन्हीकडे वेगळे आहेत आणि ते नेमके स्वयंपाकघरातले आहेत.

बटाटावडा घ्या. चीनमध्ये बटाट्याला बोलीत 'थू तोउ' म्हणतात. तैवानमध्ये 'थू तोउ' म्हणजे शेंगदाणा. तैवानच्या पाहुण्याने तसं कार्ड वाचलं तर बटाटावडा हा शेंगदाण्याचा वडा ठरतो. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे तो बटाट्याचा एकही पदार्थ घेणार नाही. याउलट आपल्याकडे दाण्याचा कूट साबुदाणा खिचडीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत असा कुठेही असतो, आणि ते नावात कुठेच दिसत नाही. तोडगा सोपा आहे. बटाट्याला 'मा लिंग शू' लिहायचं, हा शब्द दोन्हीकडे चालतो. शेंगदाण्याला 'हुआ शंग' लिहायचं, तोही दोन्हीकडे चालतो. आणि ज्या ज्या पदार्थात कूट पडतो त्याच्यापुढे 'हुआ शंग आहे' असं न चुकता छापायचं.

पनीरचं दुखणं जरा निराळं. चीनमध्ये चीजला 'नाइ लाओ' म्हणतात, म्हणून पनीर 'भारतीय नाइ लाओ' होतं आणि ते ठीकच आहे. तैवानमध्ये तीच अक्षरं दुधाच्या मऊ, थरथरत्या, गोड पुडिंगसाठी वापरतात. तिथल्या वाचकाला पालक पनीर म्हणजे पालकाच्या भाजीत बुडवलेलं पुडिंग वाटेल. तैवानी कार्डावर चीजसाठी तिथे रूढ असलेला 'रू लुओ' हा शब्द घ्यावा. पनीर दिसायला टोफूसारखं म्हणून त्याला टोफू म्हणणं सगळ्यात वाईट. टोफू सोयाबीनचा, पनीर दुधाचं. दूध वर्ज्य असणाऱ्याची किंवा दूध न पचणाऱ्याची ती सरळ फसवणूक होते.

किती तिखट?

तिखटाला 'ला' म्हणतात आणि चिनी कार्डांवर त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. 'पू ला' म्हणजे अजिबात तिखट नाही, 'वेइ ला' म्हणजे किंचित, 'चोंग ला' म्हणजे मध्यम आणि 'थ ला' म्हणजे जहाल. शेजारी एक, दोन, तीन मिरच्यांची चित्रं असतात. हे शब्द उचलून आपल्या कार्डावर छापणं अवघड नाही. अवघड आहे ते त्यांच्यामागचं माप जुळवणं. छंग्तू, छोंगछिंग किंवा छांगशा इथल्या माणसाचं 'किंचित' हे क्वांगचौ किंवा तैपेइच्या माणसाला सोसत नाही. चिनी वाचणाऱ्यांतच जर एवढा फरक, तर आपल्या कांदा-लसूण मसाल्याची पायरी पाहुण्याने कशावरून ओळखायची?

यावर चालणारी युक्ती अशी, की पायऱ्या जगाच्या मापाने न लावता आपल्याच कार्डातल्या पदार्थांवर बांधायच्या. साधं वरण-भात म्हणजे शून्य. पालक पनीर एक. भरली वांगी दोन. तर्रीवाली मिसळ तीन. हे चार पदार्थ कार्डाच्या वरच्या भागात फोटोसह नमुना म्हणून द्यायचे. पाहुण्याने पहिल्या दिवशी पालक पनीर खाल्लं की 'एक' म्हणजे किती, हे त्याच्या जिभेला कळतं आणि पुढची ऑर्डर तो अंदाजाने देत नाही.

दुसरी गोष्ट भटारखान्यातली. 'पू ला' छापणं म्हणजे शब्द देणं आहे. वाटण आणि रस्सा सकाळीच तयार होतो आणि त्यात तिखट आधीच पडलेलं असतं. तयार रश्शातून ते काढता येत नाही. मिसळीवरची तर्री न घालता ती दोनवर आणता येईल, शून्यावर कधीच येणार नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाशेजारी दोनपैकी एक खूण हवी: तिखट कमी करता येतं, किंवा येत नाही. शून्य पायरीचे पदार्थ ठरवताना फोडणीतली हिरवी मिरचीही मोजावी. वरण बिनतिखटाचं आणि वरून मिरचीची फोडणी, असं झालं तर पहिल्याच घासाला कार्ड खोटं ठरतं.

कोकणात आणि गोव्यात असं कार्ड करणाऱ्यांना एक शब्द जास्तीचा मिळतो. बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ आणि सछ्वानची प्रसिद्ध 'मिरी' ही एकाच कुळातली झाडं. त्यांनी जिभेला जी बधिर झिणझिणी येते तिला चिनीत 'मा' म्हणतात आणि ती 'ला'पासून वेगळी मोजतात. तिरफळाच्या कालवणापुढे 'मा' हे एक अक्षर छापलं की सछ्वानचा माणूस बरोबर ओळखतो.

'प्युअर व्हेज'चं खोटं वचन

या सगळ्या कामात जोखमीची जागा कोणती असेल तर ती पाटीवरच्या 'शुद्ध शाकाहारी'ची. शाकाहाराला चिनीत 'सू' म्हणतात. 'शुद्ध'साठी 'छुन' हा शब्द आहे. दोन्ही जोडले की 'छुन सू' तयार होतो आणि तो खराखुरा, प्रचारातला चिनी शब्द आहे. म्हणूनच तो घातक आहे. 'छुन सू' म्हणजे दूधसुद्धा नसलेलं अन्न. तैवानमध्ये तर त्याचा अर्थ सरकारी नियमानेच बांधलेला आहे. 2009 पासून तिथे पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर वर्ग छापावा लागतो: पूर्ण शाकाहार म्हणजे 'छुन सू', अंड्याचा, दुधाचा, दूध आणि अंडं दोन्हींचा, आणि पाचवा वर्ग 'वू शिन' असलेला.

'वू शिन' म्हणजे पाच उग्र वनस्पती. चिनी महायान परंपरेत त्या भिक्षूंना आणि कडक व्रत पाळणाऱ्या उपासकांना वर्ज्य आहेत. त्यांत लसूण येतो, कांद्याच्या आणि पातीच्या जाती येतात, आणि शेवटचं नाव येतं 'शिंग छ्यू'. हा शब्द आपलाच आहे. संस्कृतातला 'हिंगु' बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेला आणि त्याचा 'शिंग छ्यू' झाला. हिंग चीनमध्ये रोजच्या जेवणात कधी आलाच नाही, पण निषिद्धांच्या यादीत तो आजतागायत आहे. मांसाहाराला चिनीत 'हून' म्हणतात. त्या अक्षराच्या माथ्यावर गवताचं चिन्ह आहे, कारण मूळ अर्थ याच उग्र वासाच्या वनस्पतींचा होता. मांस हा अर्थ पुढे जडला.

आता आपलं 'शुद्ध शाकाहारी' हॉटेल या वर्गांत बसवून पाहा. मांस नाही, मासे नाहीत, अंडंही नाही. पण वरणावर तूप आहे, थाळीत दही आहे, प्रत्येक रश्शात कांदा-लसूण आहे आणि फोडणीत हिंग आहे. म्हणजे ते 'छुन सू' नाही. दुधाच्या वर्गातही बसत नाही, कारण त्या वर्गालाही पाच उग्र वनस्पती चालत नाहीत. खरी नोंद 'सू, दूध आहे, अंडं नाही, कांदा-लसूण आहे' अशीच होते. ती लांब आहे, पण खरी आहे. याच कारणाने पदार्थाच्या नावात 'व्हेज'चं भाषांतर 'शू त्साइ', म्हणजे भाजी, असंही करू नये. चिनी हॉटेलात भाजीचा पदार्थ डुकराच्या चरबीत परतलेला किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. त्यामुळे त्या शब्दातून शाकाहारी वाचकाला कसलीच हमी मिळत नाही.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका आपल्याला लहानपणापासून कळतो. चिनी पाहुण्याला तो कळत नाही. तैवानमध्ये शाकाहारी उपाहारगृहाची ओळख म्हणजे पाटीवरचं स्वस्तिकासारखं बौद्ध चिन्ह. ते आपल्या कार्डावर घेण्याचा विचार कुणाच्या मनात येईल, पण ते पाहून तैवानी यात्रेकरू कांदा-लसूणही नाही असंच धरून चालेल. त्यापेक्षा ठिपका ठेवावा आणि त्याचा अर्थ पहिल्या पानावर चिनीत लिहावा.

एक थाळी, चार बदल

समजा, अजिंठा पाहून परतलेला तैवानी यात्रेकरूंचा गट जेवायला बसला आहे आणि त्यांना पूर्ण 'छुन सू' हवं आहे. वेटरला वाटतं, जैन थाळी द्यावी. अंदाज अर्धा बरोबर आहे. जैन थाळीत कांदा-लसूण नसतो. पण कांद्याची उणीव भरून काढायला त्यात हिंग सढळ हाताने पडतो आणि तोच इथे चालत नाही. उलट जैन थाळीतून काढलेला बटाटा या पाहुण्यांना अगदी चालतो. दही, ताक, तूपही जैन थाळीत असतं.

तेव्हा बदल चार. फोडणी तुपाऐवजी तेलाची, मोहरी-जिरं आणि कढीपत्त्याची, हिंगाशिवाय. पोळीला आणि भातावर तूप नाही. दही-ताकाच्या जागी कोकमाचं सार, तेही लसणाशिवाय. आणि बटाट्याची पिवळी भाजी परत ताटात. मसाल्याचा डबाही तपासावा लागतो, कारण बाजारच्या तयार मसाल्यांत हिंग किंवा लसणाची पूड असू शकते. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो, पण इथे प्रश्न त्या मिश्रणाचा नाही, हिंगाचाच आहे. ही थाळी देता येत असेल तरच कार्डावर 'छुन सू' ही अक्षरं छापावीत, आणि ती फक्त तिच्यापुढेच.

हिंगाचं नाव कार्डावर लिहायचं ते मात्र 'आ वेइ'. आजच्या चिनीत, विशेषतः औषधांच्या दुकानात, हिंग त्याच नावाने ओळखतात. 'शिंग छ्यू' हा ग्रंथातला शब्द. व्रत पाळणाऱ्यांना तो ठाऊक असतो, पण तो नेमका कशाला म्हणतात याबद्दल त्यांच्यातही घोळ आहे. काही जण त्याचा अर्थ कांदा असाच घेतात.

छापण्याआधी

तयार मजकूर तपासायची एक खात्रीची रीत आहे. चिनी वाचणाऱ्या दोन व्यक्ती गाठायच्या, शक्यतो एक चीनमधली आणि एक तैवानमधली. त्यांना मूळ मराठी नाव किंवा फोटो न दाखवता फक्त चिनी ओळ वाचायला द्यायची आणि विचारायचं, ताटात काय येईल? त्यांनी 'पुडिंग' म्हटलं, 'डुकराचं मांस' म्हटलं किंवा नुसत्याच भुवया उंचावल्या, तर ती ओळ परत लिहायची. 'भाषांतर बरोबर आहे का' असं विचारून उपयोग नसतो. व्याकरण शुद्ध असलं की वाचणारा हो म्हणतो, आणि 'ची थुइ' व्याकरणाने पूर्ण शुद्धच आहे. शेवग्याचा योग्य शब्द आहे 'ला मू च्या', म्हणजे 'ला मू' झाडाची शेंग. त्यातलं पहिलं अक्षर तिखटाचंच असल्याने आमटीपुढे तिखटाची पायरीही छापायला हवी, नाहीतर बिनतिखट आमटी केवळ नावापायी जहाल समजली जाईल.

छपाईला देताना प्रत्येक पदार्थाला आकडा द्यावा, आणि तोच आकडा मराठी कार्डावर, चिनी कार्डावर आणि भटारखान्यातल्या यादीत असावा. वेटरला चिनी वाचता येत नाही आणि पाहुण्याला मराठी येत नाही, पण दोघांना 14 वर बोट ठेवता येतं. छापखान्याच्या संगणकात चिनी फाँट नसेल तर काही अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. आकडे घातलेले असले की कोणत्या ओळीत अक्षर गळलं ते चिनी न येणाऱ्यालाही मूळ यादीशी ताडून सापडतं. आचाऱ्याने एखाद्या भाजीत उद्यापासून दाण्याचा कूट घालायचं ठरवलं, तर त्याच आकड्यापुढे चिनी कार्डावर 'हुआ शंग'ची चिकटपट्टी त्याच दिवशी लागायला हवी.